अनोळखी माजी विद्यार्थ्याला पहिली चिठ्ठी

लिंक्डइनवर जोडणीच्या विनंतीसोबत छोटी चिठ्ठी लिहिता येते. मोफत खात्यावर ती साधारण २०० अक्षरांची असते आणि अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात. काना-मात्रा, जोडाक्षरं आणि मोकळ्या जागाही मोजल्या जातात, त्यामुळे मराठी चिठ्ठी अंदाजापेक्षा लवकर भरते.

वाहन कंपनीतल्या ज्येष्ठ अभियंत्याला नुकती पदवी घेतलेली मुलगी असं लिहू शकते: ‘नमस्कार मॅडम, मी आपल्याच कॉलेजची, मेकॅनिकल २०२५. आपण डिझाइनमधून टेस्टिंगकडे वळलात हे प्रोफाइलवर वाचलं. मलाही टेस्टिंगमध्येच जायचं आहे. सुरुवातीला काय शिकावं?’

कॉलेजचं नाव ओळख पटवतं, पण खरं काम ‘डिझाइनमधून टेस्टिंगकडे’ हे दोन शब्द करतात. प्रोफाइल वाचल्याशिवाय ते लिहिता येत नाहीत. तेच वाक्य दुसऱ्या कुणालाही जसंच्या तसं पाठवता येत असेल, तर चिठ्ठी कच्ची आहे.

बहुतेक चिठ्ठ्या फसतात त्या ‘जागा असेल तर कळवा’ किंवा ‘रेफरल द्याल का’ यावर. रेफरल देणारा स्वतःचं नाव पणाला लावतो. अनोळखी माणसासाठी तो ते का करील? रेझ्युमेही नंतरच, मागितल्यावर. विनंती स्वीकारली गेली की आधी आभार मानावेत आणि प्रश्न पुन्हा, थोडा सविस्तर विचारावा.