गटाराचा उतार आणि वहीतला ‘ड’

गल्लीतलं गटार नवं बांधलं आणि पहिल्याच पावसात मधेच पाणी तुंबलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. डोळ्यांना दोन सेंटिमीटरचा खोलगटपणा दिसत नाही, पाण्याला दिसतो. तो आधी सापडावा म्हणून लेव्हलिंग करतात. डिप्लोमाच्या वर्गात सर्वेक्षणाच्या स्लाइडवर एक छोटा तक्ता येतो आणि मुलं तो पाठ करतात. तो नुसता पाठ करण्यापेक्षा गटाराच्या कडेला उभं राहून वाचावा.

लेव्हल यंत्राची दुर्बीण एक आडवी रेषा धरून ठेवते. समोर माणूस आकड्यांची उभी पट्टी, म्हणजे स्टाफ, धरून उभा राहतो. ती रेषा स्टाफला जिथे कापते तो आकडा वहीत लिहायचा. आकडा मोठा, तर जमीन खाली. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो.

सुरुवात ज्याची पातळी ठरलेली आहे अशा जागेवरून, म्हणजे बेंचमार्कवरून होते. आपण देवळाच्या पायरीवरची खूण ‘अ’ घेऊ आणि तिची पातळी १००.००० मीटर मानू. ब, क, ड, इ ही वाहत्या दिशेने घेतलेली गटाराच्या तळाची ठिकाणं. यंत्र तीनदा मांडलं आणि शेवटी ‘अ’वरच परत आलो.

| जागा | बॅकसाइट | मधलं वाचन | फोरसाइट | दृष्टिरेषा | आर.एल. |
|---|---|---|---|---|---|
| अ | १.२५० | | | १०१.२५० | १००.००० |
| ब | | १.८७५ | | | ९९.३७५ |
| क | ०.९६५ | | २.३१० | ९९.९०५ | ९८.९४० |
| ड | | १.५४० | | | ९८.३६५ |
| इ | २.६४० | | १.७२० | १००.८२५ | ९८.१८५ |
| अ | | | ०.८१३ | | १००.०१२ |

आर.एल. म्हणजे ठरलेल्या पायापासून त्या जागेची उंची. ती काढण्यासाठी एकदा बेरीज आणि एकदा वजाबाकी लागते. ‘अ’च्या पातळीत बॅकसाइट मिळवली की दृष्टिरेषा १०१.२५० वर आहे हे कळतं. त्यातून ‘ब’चं वाचन वजा केलं की ‘ब’ची पातळी मिळते. यंत्र हलवण्याआधी ‘क’वर फोरसाइट घेतली आणि हलवल्यावर त्याच ‘क’वर नवी बॅकसाइट. या चेंज पॉइंटवर स्टाफ तसूभरही सरकता कामा नये, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा असतो.

आता शेवटची ओळ पाहा. ‘अ’ १००.००० हवा होता, १००.०१२ आला. ही १२ मिलिमीटरची तफावत म्हणजे क्लोजिंग एरर. बॅकसाइटांची बेरीज ४.८५५, फोरसाइटांची ४.८४३, फरक ०.०१२. म्हणजे वहीतली आकडेमोड बरोबर आहे, तफावत शेतातून आलेली आहे. साध्या कामाला किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ गुणिले २४ मिलिमीटर इतकी सूट देतात. प्रत्येक वाचन ६० मीटरवरून घेतलं असं धरलं तर फेरी ३६० मीटरची होते, ०.३६ चं वर्गमूळ ०.६, आणि सूट १४.४ मिलिमीटर. आपली १२ त्यात बसते. मागचं आणि पुढचं अंतर सारखं ठेवलं की दृष्टिरेषा किंचित कलली असली तरी तिची चूक दोन्ही वाचनांत सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते.

१२ मिलिमीटर तीन मांडणींत वाटले की प्रत्येक मांडणीला ४ येतात आणि ते साठत जातात. ब आणि क मधून ४, ड आणि इ मधून ८ कमी करायचे. ‘ब’ ९९.३७१, ‘क’ ९८.९३६, ‘ड’ ९८.३५७, ‘इ’ ९८.१७७. पातळी सगळीकडे उतरत गेली आहे, गटार ठीक दिसतं.

पण ‘ड’वर खरं वाचन १.७४० होतं आणि टिपणाऱ्याने पाचचा डेसिमीटर वाचला, असं समजा. मग ‘ड’ची खरी पातळी ९८.१५७, म्हणजे ‘इ’पेक्षा दोन सेंटिमीटर खाली. पाणी तिथे थांबणारच. आणि तक्ता? तो जसाच्या तसा जुळतो! ‘ड’ हे मधलं वाचन, ते ना बॅकसाइटांच्या बेरजेत, ना फोरसाइटांच्या. शेवटच्या ‘अ’ला त्याचा पत्ताच नाही.

मला वाटतं, ही गोष्ट स्लाइडवर ठळक अक्षरांत हवी. क्लोजिंग एरर फक्त चेंज पॉइंटच्या साखळीची साक्ष देते, मधल्या आकड्यांची नाही. बेरजेची ताळेबंदीही आपण उतरवलेला आकडा खरा होता की नाही ते सांगू शकत नाही. म्हणून उतार ज्याच्यावर अवलंबून आहे असं ठिकाण शक्य असेल तर चेंज पॉइंटच करावं. तसं जमत नसेल तर यंत्र हलवण्यापूर्वी स्टाफ पुन्हा तिथे ठेवा, वाचन दुसऱ्या माणसाला घेऊ द्या, आणि पहिला आकडा त्याला सांगू नका.