बांगड्यांचा वास घरात मुरतो तो तेलामुळे

वन बीएचकेत दुपारी चार बांगडे तळले, की रात्री उशीच्या अभ्र्याला वास येतो. ओटा पुसलेला असतो, भांडी घासलेली असतात, उदबत्तीही लावून झालेली असते. तरी वास जात नाही, कारण घरात दोन वेगळे वास असतात आणि दोन्हींवर आपण एकच उपाय करत राहतो.

पहिला वास माशाचा. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा, वास नसलेला पदार्थ असतो. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि तोच आपल्याला झोंबणारा उग्र वास. हा पदार्थ अल्कधर्मी आहे. त्याला आंबट भेटलं की त्याचा क्षार बनतो. तो क्षार हवेत उडत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो. कापलेल्या तुकड्यांना लिंबू किंवा आगळ चोळण्याची पद्धत म्हणूनच इतकी कामाची आहे. सोड्याने मात्र उलट होतं. अल्कधर्मी पाण्यात अमाइन मोकळं होतं आणि वास जास्तच जाणवतो.

म्हणून विळी, सुरी, पाट, परात आणि हात आधी गार पाण्याने धुवावेत. मग पाव वाटी व्हिनेगर वाटीभर पाण्यात घालून किंवा लिंबाची फोड चोळून पाच मिनिटं थांबावं आणि शेवटी साबण लावावा. सिंकमध्येही हेच पाणी ओतावं. ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवराचा असेल तर त्यावर आंबट अजिबात नको. दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, त्यांची चकाकी जाते. तिथे साबणाचं पाणीच बरं. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

दुसरा वास तळणाचा, आणि खरा चिवट तोच. तुकडा तव्यावर पडला की त्यातलं पाणी फुटतं आणि तेलाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. माशाचा वास त्यांच्यावर बसून पडद्यापर्यंत, फ्रिजच्या माथ्यापर्यंत, पंख्याच्या पात्यांपर्यंत पोचतो. तिथे तेलाचा पातळ थर हवेशी संयोग पावून काही दिवसांत खवट होतो. चार दिवसांनी घरात शिरताना येणारा वास मुख्यतः या जुन्या तेलाचा असतो. तुकडे नीट टिपून कोरडे केले, तेलातून धूर निघण्याआधी आच मंद केली आणि तव्यावर जाळीचं झाकण ठेवलं, तर थेंब निम्म्या वाटेवरच अडतात.

उरलेले थेंब बाहेर घालवण्याचं काम हवेचं. इथे एक चूक फार घरांत होते. एक्झॉस्ट पंख्याशेजारची खिडकी उघडी ठेवली जाते. मग पंखा त्याच खिडकीतून बाहेरची हवा ओढतो आणि पुन्हा बाहेर टाकतो, तव्यावरची वाफ मात्र घरात जाते. स्वयंपाकघराची खिडकी बंद करावी आणि घराच्या दुसऱ्या टोकाची, हॉलची खिडकी उघडावी. बेडरूमचं दार बंद, हॉलमधला छताचा पंखा बंद, एसीही बंद. एसी घरातलीच हवा फिरवतो आणि त्याच्या जाळीवर तेल बसतं. वारा योग्य दिशेला आहे का हे पाहायचं असेल तर स्वयंपाकघराच्या दारात उदबत्ती धरावी. धूर आत, ओट्याकडे वळला पाहिजे. तो हॉलकडे येत असेल तर बाहेरचा वारा पंख्यावर मात करतोय, अशा वेळी दुसरी खिडकी उघडून पाहावी. तळणीच्या पाच मिनिटं आधी पंखा सुरू करावा आणि तळून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवावा. नळी नसलेली, हवा परत घरातच सोडणारी चिमणी असेल तर तिचा कोळशाचा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर वासासाठी तिचा उपयोग नाही.

मग पुसणं. तेलाला आंबट चालत नाही, त्याला कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण हवा. गॅसची शेगडी, पाठची फरशी, कपाटांच्या दारांच्या वरच्या कडा त्याच दिवशी पुसल्या तर थर मऊ असतो. पंख्याची पाती आणि चिमणीची जाळी महिन्यातून एकदा कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवावी. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा टाळावा, ती काळवंडते. त्याआधी पंख्याची वीज बंद करायची, हे सांगायला नकोच. पडदे आणि सोफ्याच्या खोळी धुतल्याशिवाय सुटत नाहीत, सुगंधी फवारा त्यांच्या तेलावर फक्त दुसरा वास बसवतो.

खवले आणि आतडी कचऱ्याच्या डब्यात टाकली तर बाकी सगळी मेहनत फुकट जाते. कचरा न्यायला कोणी येईपर्यंत ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवावीत. थंडीत जिवाणूंचं काम थांबतं.