उलटलेला गण आणि टीकाकाराचे काम

अमळनेरला पदवीच्या वर्गात इंग्रजी कविता शिकवताना माझ्याकडे येणाऱ्या निबंधांत एक वाक्य हमखास असते : ‘तिसऱ्या ओळीच्या पहिल्या गणात ट्रोकी आहे.’ वाक्य बहुधा अचूक असते, पण निबंध तिथेच थांबतो.

याचे मूळ आपल्या वृत्तसंस्कारात असावे. आयँब म्हणजे एक हलके अक्षर आणि त्यामागून आघाताचे अक्षर. आपल्या प्रमाणिका वृत्तात लघु-गुरूची जोडी अशीच चार वेळा येते. मात्र अक्षरगणवृत्तात ही जोडी उलटली, की वृत्तभंग होतो. इंग्रजीत आघात उच्चारावर ठरतो आणि पाच आयँबांच्या ओळीत एखादा गण उलटा, म्हणजे ट्रोकी, येणे रूढच आहे. म्हणून गण कुठे उलटला, हे आधी पाहावे.

वर्गात मी बोरीच्या पुरावर रचलेली एक साधी ओळ फळ्यावर लिहितो : ‘स्लोली द फ्लड असेंड्स द टेंपल स्टेप्स.’ पूर हळूहळू देवळाच्या पायऱ्या चढतो आहे. पहिलाच गण उलटा आहे, कारण आघात ‘स्लो’वर पडतो. पण त्याआधी ओळीच्या आरंभाची विश्रांती असते, आणि पुढची ‘ली’ व ‘द’ ही दोन हलकी अक्षरे लय लगेच सावरतात. शेक्सपिअरपासून हे इतके सर्रास आढळते, की केवळ नोंदीपलीकडे त्यावर लिहिण्यासारखे फारसे नसते.

आता शब्द तेच ठेवून क्रम बदलू : ‘द फ्लड स्लोली असेंड्स द टेंपल स्टेप्स.’ अक्षरे दहाच राहिली, पण दुसरा गण उलटला. ‘फ्लड’ आणि ‘स्लो’ हे दोन आघात एकमेकांना भिडले. मध्ये हलके अक्षर नाही, विरामही नाही. वाचणाऱ्याची जीभ तिथे अडते. सोपा क्रम हाताशी असताना कवीने हा का निवडला, हा प्रश्न आता उभा राहतो. निबंधाने लिहायचे ते इथे.

पण उत्तर देताना सावध राहावे. ‘ट्रोकीमुळे पूर संथ वाटतो’ असे विद्यार्थी चटकन लिहितात. त्यांच्यासमोर मी दुसरी ओळ ठेवतो : ‘द फ्लेम क्विकली कन्झ्यूम्स द टेंपल डोअर.’ लगक्रम तोच, पण इथे ज्वाळा झपाट्याने दार गिळते आहे. म्हणजे संथपणा ट्रोकीत नाही. ट्रोकी फक्त अडथळा निर्माण करते. त्या अडथळ्याचे काय होते, हे शब्दांचा अर्थ ठरवतो. पहिल्या ओळीत पाणी पायरीशी थबकल्यासारखे वाटते, दुसरीत ‘क्विक’ अंगावर आल्यासारखा.

आणखी एक मर्यादा आहे. कवितेत दर दोन ओळींमागे असे आघात भिडत असतील, तर ती त्या कवीची सवय आहे. तिच्याविषयी एकदाच लिहावे. पण तेरा ओळी नियमित आणि एकाच ओळीत दुसरा गण उलटा असेल, तर त्या ओळीपाशी थांबायलाच हवे. तिथे केवळ ‘ट्रोकी’ लिहून पुढे गेलो, तर कवीने जिथे आपल्याला अडवले, नेमकी तीच जागा आपण न ऐकता ओलांडलेली असते.