दुसऱ्या महिन्याचं व्याज किती?

बचत गटाच्या बैठकीत बँकेच्या साहेबांनी आधी कर्जवही उघडली. "ताई, 10,000 घेतले. व्याज महिना 2 टक्के, मुद्दल दरमहा 1,000. पहिल्या महिन्याचं व्याज 200. दुसऱ्या महिन्याचं?"

"दोनशेच," अध्यक्षबाई म्हणाल्या.

अनेक गट इथेच चुकतात. मुद्दल आता 9,000 उरलं, म्हणून व्याज 180. पुढच्या महिन्यात 160. दहा हप्त्यांत एकूण व्याज 1,100 होतं. मूळ रकमेवरच आकारत राहिलं तर 2,000! जास्तीचे 900 गटाच्याच पेटीत पडतात हे खरं, पण जातात एकाच बाईच्या पदरातून. बाहेरच्या कर्जात तर पेटीही आपली नसते. म्हणून सही करण्याआधी विचारा: व्याज मूळ रकमेवर, की उरलेल्या?