द्राक्षाचं आम्ल, बेदाण्याचं द्रावण आणि pH ची दोन गणितं

बारावीनंतर बी.एस्सी.ला गेलेली मुलं दोन शब्दजोड्यांत हमखास घोटाळतात: तीव्र-सौम्य आणि संहत-विरल. संहत म्हणजे लिटरमध्ये पदार्थ किती, आणि तीव्र म्हणजे त्यातले किती रेणू फुटून आयन झाले. हे फुटणं (विचरण) किती होतं ते विचरण स्थिरांक सांगतो. आम्लासाठी Ka, आम्लारीसाठी Kb. आकडा जितका लहान, तितकं आम्ल किंवा आम्लारी सौम्य.

सांगली-साताऱ्याच्या मुलांना हे द्राक्षावरून शिकवावं. दोन स्लाइड पुरतात.

पहिली स्लाइड. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं. लिटरभर पाण्यात 6 ग्रॅम घेऊ. रेणूभार 150, म्हणून संहती 0.04 मोल. पहिल्या विचरणाचा Ka साधारण 0.001. पाठ केलेलं सूत्र लावलं तर

[H⁺] = √(Ka × C) = √(0.001 × 0.04) = 0.0063

इथेच थांबू नका. 0.0063 म्हणजे 0.04 चे जवळपास 16 टक्के. "फुटलेलं नगण्य आहे" असं धरूनच हे सूत्र बनलंय, आणि 16 टक्के काही नगण्य नाही. 5 टक्क्यांच्या वर गेलं की वर्गसमीकरण सोडवायचं:

x² + 0.001x − 0.00004 = 0
x = 0.0058, pH = 2.23

तेवढ्याच संहतीचं हायड्रोक्लोरिक आम्ल पूर्ण फुटतं, त्याचा pH 1.40. संहती तीच, तीव्रता वेगळी. (खऱ्या द्राक्षरसाचा pH 3 ते 4 असतो, कारण त्यातल्या आम्लाचा काही भाग पोटॅशियमच्या क्षाररूपात असतो.)

दुसरी स्लाइड. तासगावकडे बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्यामुळे सालीवरच्या मेणाचा अडथळा कमी होतो आणि पाणी लवकर उडतं. कार्बोनेट लिटरला 25 ग्रॅम धरू. रेणूभार 138, संहती 0.18 मोल. कार्बोनेट सौम्य आम्लारी आहे. त्याचा Kb पुस्तकात सहसा सापडत नाही, तो बायकार्बोनेटच्या Ka वरून काढायचा:

Kb = 10⁻¹⁴ ÷ (4.7 × 10⁻¹¹) = 2.1 × 10⁻⁴
[OH⁻] = √(2.1 × 10⁻⁴ × 0.18) = 0.0062
pOH = 2.2, pH = 14 − 2.2 = 11.8

तपासणी: 0.0062 म्हणजे 0.18 चे साडेतीन टक्के. इथे सूत्र चाललं. मुलं बऱ्याचदा 2.2 हेच उत्तर लिहून मोकळी होतात. आम्लारीचा pH 7 च्या खाली आला, की शेवटची वजाबाकी राहिली असं समजावं.

शेडवर प्रत्यक्ष मोजलं तर आकडा थोडा कमी येतो. एक तर इतक्या आयनांच्या गर्दीत साधा स्थिरांक तंतोतंत लागू पडत नाही. शिवाय फुटलेल्या मण्यांचा आंबट रस द्रावणात मिसळत राहतो आणि कार्बोनेटचं बायकार्बोनेट होत जातं. म्हणजे पहिल्या स्लाइडमधलं आम्ल दुसऱ्या स्लाइडमधली आम्लारी संपवत असतं. pH पट्टी घेऊन सकाळी आणि संध्याकाळी मोजलं, तर मुलांना हा फरक डोळ्यांनी दिसतो.