म्युनिकमधली खोली: वसतिगृह की वेगे?

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश मिळाला की घरी पेढे वाटून होतात, मग कोणीतरी नकाशा उघडतो. तेव्हा कळतं की हा विभाग म्युनिक शहरात नाहीच. तो आहे शहराच्या उत्तरेला, गार्शिंग नावाच्या लहान गावाच्या बाहेर, शेतांना लागून. यांत्रिकी, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रही तिथेच. शहरातून तिथे जायला यू-६ ही मेट्रो आहे आणि तिचं शेवटचं स्थानक थेट कॅम्पसच्या आवारात उघडतं. पुण्या-नाशिकच्या पालकांचा प्रश्न मग ठरलेला असतो: मुलगी कॉलेजजवळच्या विद्यार्थी वसतिगृहात राहील, की शहरात चौघांत मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये? अशा फ्लॅटला जर्मनीत सगळे 'वेगे' म्हणतात.

इथली वसतिगृहं आपल्याकडच्या हॉस्टेलसारखी नाहीत. वॉर्डन नाही, मेस नाही, रात्री दार बंद होण्याची वेळ नाही. बहुतेकांना स्वतंत्र छोटी खोली मिळते आणि स्वयंपाकघर मजल्यावर सामायिक असतं. यांतली बरीच वसतिगृहं श्टुडिरेंडनवेर्क ही सार्वजनिक संस्था चालवते. भाडं साधारण ३०० ते ४५० युरो, आणि त्यात बहुधा हीटिंग, वीज, इंटरनेट सगळं आलं. अडचण एकच, रांग. अर्ज केल्यापासून खोली मिळेपर्यंत एक सेमिस्टर जातं, कधी कधी दोन-तीनही. त्यामुळे 'वसतिगृह की वेगे' हा प्रश्न बऱ्याच मुलांपुढे येतो तो वेगळ्या रूपात: वसतिगृह मिळेपर्यंत कुठे राहायचं?

वेगेतली खोली आज म्युनिकमध्ये सरासरी आठशे युरोच्या आसपास जाते. हे शहर जर्मनीत सगळ्यात महाग. हा आकडा किती जड आहे ते व्हिसाच्या हिशेबात कळतं. जर्मन विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला फक्त ९९२ युरो हातात येतात. आरोग्य विम्याचे साधारण दीडशे गेले. प्रवासाच्या सवलतीच्या मासिक तिकिटाचे चाळीसेक गेले. उरले आठशे. वेगेचं भाडं ७८० असेल, तर महिन्याचा किराणा वीस युरोत बसवायचा, म्हणजे बसणार नाही. तेच वसतिगृहाचं भाडं ४०० असेल, तर जेवण, फोन, थंडीचे बूट यांना चारशे युरो राहतात. अर्धवेळ नोकरी करता येते हे खरं, पण पहिल्या सेमिस्टरमध्ये भाषा, अभ्यास आणि कागदपत्रं यांतून ती लगेच मिळेल असं धरून बजेट करू नये.

वेगेच्या जाहिरातीत दोन भाडी दिसतात. 'थंड' भाडं म्हणजे नुसत्या जागेचं. 'गरम' भाडं म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, इमारतीचा खर्च धरून. वीज आणि इंटरनेट काही वेळा त्याही बाहेर असतात, म्हणून तुलना नेहमी गरम भाड्याची करावी आणि वीज कुठे धरली आहे ते विचारावं. डिपॉझिट कायद्याने थंड भाड्याच्या तीन पटींपेक्षा जास्त घेता येत नाही. ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्कही भाडेकरूला आहे, पण हे कोणी आपणहून सांगत नाही. ६५० थंड भाड्याच्या खोलीला १,९५० युरो, म्हणजे युरो शंभर रुपये धरला तर जवळपास दोन लाख. खोली सोडल्यावर हे पैसे परत यायला काही महिने लागू शकतात, तेव्हा ते ब्लॉक्ड अकाउंटपेक्षा वेगळे हाताशी हवेत.

एक खर्च मात्र उलटा आहे. जर्मनीत सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात, घरी टीव्ही असो वा नसो. वेगेतले चौघे मिळून एकदाच भरतात. वसतिगृहाच्या सामायिक कॉरिडॉरवर उघडणारी खोली मात्र स्वतंत्र घर धरली जाते, म्हणून तिथे प्रत्येकाला पूर्ण रक्कम. पत्र आलं की मुलांना वाटतं कोणीतरी फसवतंय. नाही, हे पत्र खरं असतं.

आता प्रवास. आपल्याकडे लांब राहिलं की भाडं वाचतं आणि तिकीट वाढतं. इथे मासिक तिकिटाला अंतर नाही; शहराच्या कुठल्याही टोकाहून आणि देशभरच्या लोकल, मेट्रो, बसमध्ये तेच चालतं. त्यामुळे लांब राहण्याची किंमत फक्त वेळेत मोजायची. यू-६ वर श्टुडेंटनश्टाट नावाचं स्थानकच आहे, शेजारच्या मोठ्या विद्यार्थी वसाहतीमुळे पडलेलं; तिथून कॅम्पस पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर. नॉयहाउझनसारख्या झाडीच्या, राहत्या भागातून यू-१ पकडायची, झेंडलिंगर टोरला यू-६ मध्ये बदलायचं आणि दोन्हीकडचं चालणं धरलं की पाऊण तास ते पन्नास मिनिटं होतात. वाटेत फ्रॉटमानिंगला फुटबॉलचं मोठं स्टेडियम आहे. सामन्याच्या संध्याकाळी तिथे गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

नकाशावर अंतर सारखं दिसलं तरी मी मेट्रोची खोली एस-बानच्या खोलीपेक्षा वरची मानते. म्युनिकच्या एस-बानच्या जवळपास सगळ्या गाड्या शहराखालच्या एकाच बोगद्यातून जातात. तिथे सिग्नल बिघडला की सगळं शहर अडकतं, दादरला ओव्हरहेड वायर तुटावी तसं. दुसऱ्या बोगद्याचं काम कित्येक वर्षं सुरू आहे. दाखाउसारख्या उपनगरात खोली शंभर-दीडशे युरोंनी स्वस्त मिळाली तरी सकाळी आठच्या प्रयोगशाळेसाठी तिथून निघणं हिवाळ्यात फार काळ जमत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न आला की पालकांच्या मनात रात्रीचा रस्ता असतो. म्युनिक हे युरोपातल्या सुरक्षित मोठ्या शहरांपैकी एक. मेट्रो कामाच्या दिवशी साधारण एकपर्यंत धावते आणि नंतर रात्रीच्या ट्राम-बस असतात. स्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता उजेडाचा आहे का, हे जाऊन बघावंच. पण भारतीय मुलांचं नुकसान होतं ते रस्त्यावर नाही, कागदावर.

घरात गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा एक फॉर्म लागतो. निवास परवाना, कर क्रमांक आणि बऱ्याच बँकांचं खातं या नोंदणीवर अवलंबून असतं. वसतिगृहात हा फॉर्म रीतसर मिळतो. वेगेत तो देणं मुख्य भाडेकरूच्या हातात असतं आणि काही जण सरळ सांगतात: खोली घे, पण नोंदणी करू नको. कारण बहुधा एकच, त्याने घरमालकाची परवानगी न घेता खोली पोटभाड्याने दिलेली असते. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. मालकाला कळलं तर तुमच्या हातात काहीच नसतं.

दुसरी फसवणूक सरळ चोरीची. WG-Gesucht या संकेतस्थळावर श्वाबिंगमधली लख्ख फोटोंची खोली ४५० युरोत दिसते. मालक कामासाठी परदेशी आहे, किल्ली पोस्टाने येईल, आधी डिपॉझिट आणि पासपोर्टची प्रत पाठवा. त्या भागात त्या भाड्याला अशी खोली नसते, हीच पहिली खूण. फोटो उलट शोधून बघा. बरेचदा ते दुसऱ्याच देशातल्या हॉटेलचे निघतात. खऱ्या वेगेतली मुलं उलट तुमचीच मुलाखत घेतात: स्वयंपाक कधी करतेस, सफाईची पाळी चालेल का, पार्ट्या आवडतात का? तीन-चार जणांशी व्हिडिओवर बोलणं झालं, त्यांनी फोन हातात घेऊन स्वयंपाकघर, दाराची बेल आणि तिच्यावरची नावं दाखवली, तर बहुतेक ते घर खरं असतं.

आता एक नमुन्याचं उदाहरण. नाशिकची एक मुलगी. जूनमध्ये प्रवेशपत्र आलं त्याच आठवड्यात तिने श्टुडिरेंडनवेर्ककडे अर्ज केला. चर्च आणि विश्वस्त संस्थांची स्वतंत्र वसतिगृहं असतात, त्यांची रांग वेगळी. तिथेही अर्ज केले. ऑगस्ट संपेपर्यंत होकार कुठूनच नाही. हातात तीन पर्याय आहेत. गार्शिंगमध्ये खासगी कंपनीचा फर्निचरसह स्टुडिओ, ९५० युरो, चालत कॅम्पस. नॉयहाउझनमध्ये वेगे, ७८० गरम. आणि ऑलिम्पिक गावात सहा महिन्यांची पोटभाड्याची खोली, ४०० युरो. तिथला विद्यार्थी एका सेमिस्टरसाठी परदेशी चालला आहे. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये महिला खेळाडू जिथे राहिल्या, तिथे आज विद्यार्थ्यांचे छोटे बंगले आहेत.

स्टुडिओ तिच्या ९९२ युरोत बसतच नाही. वेगेत दर महिन्याला घरून पैसे मागवावे लागतील आणि करार मोडायला तीन महिन्यांची पूर्वसूचना, म्हणजे मध्येच वसतिगृहाची खोली लागली तर दुहेरी भाडं. ऑलिम्पिक गावाहून यू-३ ने म्युन्श्नर फ्रायहाइटला यायचं, तिथून यू-६. सगळं मिळून चाळीसेक मिनिटं. खोली फक्त मार्चअखेरपर्यंत, पण तोवर अर्जांच्या रांगा पुढे सरकलेल्या असतील. तिने त्या मुलाकडे दोन कागद मागावेत: वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेची पोटभाड्याची लेखी परवानगी आणि नोंदणीचा फॉर्म देण्याची कबुली. दोन्ही मिळाले, तर हीच खोली घ्यावी. परवानगीचा कागद दाखवायला तो टाळाटाळ करू लागला, तर नॉयहाउझन. घरून थोडे पैसे जातील, पण पत्ता पक्का.

तारखेची एक अडचण सांगायला हवी. शिकवणी ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होते, म्हणून मुलं सप्टेंबरच्या शेवटी उतरतात आणि नेमकं तेव्हाच शहरात ऑक्टोबरफेस्ट भरलेला असतो. हॉस्टेलमधली साधी कॉटसुद्धा नेहमीच्या कितीतरी पट दराने जाते. 'तिथे जाऊन बघू' हा बेत या शहरात याच आठवड्यांत सर्वांत महाग पडतो.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी वसतिगृह, खोली बारा चौरस मीटरची असली आणि स्वयंपाकघरात कोणाचीतरी न घासलेली भांडी पडलेली असली तरी. वेगे घ्यायची ती दुसऱ्या वर्षी, जर्मन बोलता येऊ लागल्यावर, आणि शक्यतो यू-६ च्या उत्तर टोकाकडे. आणि पालकांनो, डिपॉझिट पाठवण्याआधी भाड्याचा आकडा नंतर विचारा. 'इथे पत्ता नोंदवता येईल का?' हा प्रश्न आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.