गळ्याची गोलाई आणि पाव इंच माया

घरी शिवलेल्या ब्लाउजचा गळा उलटवून सुलट केला की पुष्कळदा एक गंमत होते. टीप अगदी आखणीवरून गेलेली असते, कापलेला आकारही चोख असतो, तरी गळ्याची कड ओढल्यासारखी दिसते आणि तिच्यापासून बारीक सुरकुत्या किरणांसारख्या बाहेर पसरतात. इस्त्री फिरवली की त्या तात्पुरत्या दबतात आणि ब्लाउज अंगात घातला की परत येतात. अशा वेळी शिवणाऱ्याला वाटतं की मशीनचा ताण बिघडला, किंवा कापडच वाईट निघालं. बहुतेक वेळा बिघाड असतो तो टिपेपलीकडे राहिलेल्या मायेत, म्हणजे शिवणीसाठी सोडलेल्या त्या जास्तीच्या कापडात, जे उलटवल्यावर आत जातं आणि कोणाला दिसत नाही.

हे नीट समजायला मटका गळ्याइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण त्यात दोन्ही तऱ्हांची वळणं एकाच टिपेत येतात. खाली मडक्याच्या पोटासारखी गोलाई आणि वर, मडक्याची मान जिथे अरुंद होते तिथे, दोन्ही बाजूंनी आत आलेली कापडाची जीभ. आधी पोट घेऊ.

पाठीवरचा मटका गळा पोटाशी सहा इंच रुंद आहे असं धरा. म्हणजे खालचा भाग हा तीन इंच त्रिज्येचा अर्धगोल झाला. टिपेची लांबी साधारण साडेनऊ इंच. माया अर्धा इंच सोडली असेल, तर ती टिपेच्या आतल्या बाजूला, गळ्याच्या मोकळ्या भागाकडे असते. म्हणून तिची कड अडीच इंच त्रिज्येवर येते आणि ती भरते पावणेआठ इंचांच्या जरा वर. अस्तर उलटवलं की हीच माया दुमडून टिपेच्या दुसऱ्या बाजूला जाते. आता तिला साडेतीन इंच त्रिज्येवर सपाट पसरायचं असतं आणि तिथे लागतात अकरा इंच. हातात आहेत पावणेआठ आणि हवेत अकरा. ही तीन इंचांची तूट कापड कुठून भरून काढणार? ते टिपेला आपल्याकडे ओढतं, आणि बाहेरून ज्या सुरकुत्या दिसतात त्या याच ओढाताणीच्या.

या हिशेबात एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना खरी वाटत नाही: ही तूट गळा किती मोठा यावर अवलंबून नसते. अर्धगोल तीन इंच त्रिज्येचा असो वा पाच, अर्धा इंच मायेला तूट येते ती सव्वातीन इंचांच्या जरा आतच. ती बदलते फक्त मायेच्या रुंदीप्रमाणे. माया पाव इंच ठेवली की तूट दीड इंचाच्या आसपास उतरते आणि एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ठेवली की पाऊण इंचावर येते. गळा लहान असला तर फरक एवढाच पडतो की तेवढीच तूट कमी लांबीत दाटते आणि म्हणून जास्त बोचते. अनुभवी शिंपी खांद्याला नि बगलेला भरपूर माया सोडतात, पण गळ्याला पाव इंचच सोडतात. त्याला कापडाची कंजुषी म्हणू नये.

पाव इंच केली तरी दीड इंच तूट उरतेच. तिच्यासाठी मायेला कट मारायचे. कडेपासून टिपेकडे सरळ कात्री घालून मायेचे छोटे छोटे तुकडे सुटे करायचे, म्हणजे उलटवल्यावर ते पंख्याच्या काड्यांसारखे एकमेकांपासून दूर सरकतात. साडेनऊ इंचांच्या टिपेवर अर्ध्या अर्ध्या इंचाने कट मारले तर अठराएक कट होतात. दीड इंचाची तूट त्यांच्यात वाटली गेली की प्रत्येक कट दोनेक मिलिमीटर उघडतो, आणि तेवढं कोणत्याही सुती कापडाला सहज जमतं. वळण जास्त तंग असेल तिथे अंतर दोन-तीन सुतांवर आणायचं.

बहुतेक गळे मात्र कट मारूनही बिघडतात, कारण कट उथळ असतात. टीप कापली जाईल या भीतीने कात्री मायेच्या मध्यावरच थांबते. मग कटाच्या टोकापासून टिपेपर्यंत जी अखंड पट्टी उरते, ती स्वतःच एक माया होऊन बसते आणि तिच्या रुंदीइतकी तूट तशीच राहते. कट टिपेपासून अर्ध्या सुतावर, म्हणजे दीड मिलिमीटरवर, गेला पाहिजे. इतक्या जवळ जायचं तर कात्री लहान आणि टोकाला धारदार हवी. कापायच्या मोठ्या कात्रीने हे करू नये; तिचं टोक कुठे पोचलं ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि गळ्याची टीप मुळातच बारीक, दोन मिलिमीटरच्या टाक्याची घालावी, म्हणजे कटाच्या टोकाशी कापड धरून ठेवायला पुरेसे टाके असतात.

आता मटक्याच्या मानेकडे वळू. तिथे कापड गळ्याच्या मोकळ्या भागात घुसलेलं असतं, म्हणून सगळा हिशेब उलटा होतो. जिभेचं वळण पाऊण इंच त्रिज्येचं आणि पाव गोलाचं धरलं, माया पाव इंच धरली, तर मायेची कड दीड इंचाच्या जरा वर भरते आणि उलटवल्यावर तिला त्याच्या निम्म्या जागेत मावायचं असतं. इथे तूट नाही, सहा सूत कापड जास्तीचं आहे. नुसते कट मारले तर सुटे तुकडे एकावर एक चढतात आणि सुलट बाजूला बारीक गाठींसारखे दिसतात. म्हणून इथे मायेतून कापड काढूनच टाकायला हवं: कडेला दीड सूत रुंद आणि टिपेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या त्रिकोणी खाचा. चार खाचांत सहा सूत जातात. खाचा टिपेपासून अर्ध्या सुतावरच थांबवायच्या. पोट आणि मान जिथे जुळतात तिथे वळणाची दिशा बदलते. त्या थोड्याशा सरळ भागात काहीच कापायची गरज नसते. गोंधळ झाला तर एकच पाहावं: उलटवल्यावर मायेला फाकायचं आहे की दाटीवाटीने मावायचं आहे. फाकायचं असेल तर कट, मावायचं असेल तर खाच.

एवढं करूनही गळ्याभोवती कधीकधी एक उठलेली रेघ दिसते, विशेषतः इस्त्री केल्यावर. ती जाडीमुळे येते. ब्लाउजच्या गळ्यात सुलट कापड, अस्तर आणि कॅनव्हास असे तीन थर असतात. तिघांचीही माया एकाच रेषेत कापलेली असेल तर तिथे एकदम पायरी तयार होते आणि इस्त्रीच्या दाबाने ती पायरी वरच्या कापडावर उमटते. उपाय असा की प्रत्येक थर वेगळ्या रुंदीचा ठेवायचा. कॅनव्हास टिपेच्या अगदी लगत कापून टाकायचा, अस्तराची माया एक सूत ठेवायची आणि सुलट कापडाची दोन सूत. सगळ्यात रुंद थर नेहमी तोच असावा जो गळा उलटवल्यावर बाहेरच्या कापडाला लागून बसेल. तो खालच्या लहान थरांची कड झाकतो आणि जाडी पायरीने न संपता उताराने संपते. बऱ्याच जणी हे नेमकं उलटं करतात, म्हणजे अस्तर लांब आणि कापड आखूड. मग मेहनत होते आणि रेघही राहते.

थर आधी उतरवायचे आणि कट नंतर मारायचे. उलट्या क्रमाने गेलो तर कट मारलेले तुकडे कात्रीखाली हलत राहतात आणि कड दातेरी होते. कट मारताना शक्य तर अस्तर आणि कापड वेगवेगळे धरावे आणि दोन्हींचे कट एकाच जागी येऊ देऊ नयेत. एका जागी आले की तिथे कापड अचानक पातळ होतं, गोलाई तिथे किंचित मोडते आणि गळा गोल दिसण्याऐवजी अनेक छोट्या सरळ रेघा जोडल्यासारखा दिसतो. असे कोपरे दिसले तर दोन कारणं संभवतात: एक हे, आणि दुसरं म्हणजे कट फार लांब लांब पडलेत.

यानंतर माया अस्तराच्या बाजूला वळवून, टिपेपासून अर्ध्या सुतावर, फक्त अस्तर आणि माया पकडणारी एक दाबशिलाई घालायची. ती सुलट बाजूने दिसत नाही, पण अस्तराला आत ओढून ठेवते, म्हणून कडेतून अस्तराचा रंग डोकावत नाही. मानेच्या तंग वळणात ही टीप पुरी घालता येत नाही; जिथवर मशीनचा पाय जातो तिथवर घालून थांबलेलं चालतं.

फ्रॉकची गोल बेबी कॉलर शिवताना खाचांचाच नियम लागतो, कारण कॉलरची बाहेरची कड मटक्याच्या जिभेसारखी बाहेर फुगलेली असते. तिथे झिगझॅग कात्रीने एकदाच माया कापली तरी काम भागतं. कात्रीचे दातच त्रिकोण काढून टाकतात. वरच्या कॉलरची माया रुंद, खालचीची कमी. कॉलर मानेला जोडताना मात्र फ्रॉकच्या गळ्याला कट हवेत, आणि तेही कॉलर लावण्याआधीच मारून ठेवले तर गळ्याची माया फाकते आणि कॉलर न ओढता टाचता येते. असे कट मारण्याआधी गळ्याच्या मायेत टिपेच्या रेषेपासून अर्ध्या सुतावर एक साधी टीप घालून घ्यावी. गोल गळ्याचा काही भाग उरेब कापला जातो आणि हाताळतानाच ताणून मोठा होतो. ही टीप त्याला रोखते.

काही कापडांना कट सोसतच नाहीत. सैल विणीची खादी किंवा धागे निसटणारं रेशीम असेल तर अर्ध्या सुतावर गेलेला कट दोन-तीन धुण्यांत टिपेपर्यंत उसवत जातो. तिथे मी कटांवर विसंबत नाही. टिपेलगत, अर्ध्या सुतावर, दुसरी टीप घालते आणि माया एक सुताच्या आत उतरवते. मग अर्धगोलाची तूट पाऊण इंचाच्या खाली येते, आणि ती बरीचशी कापड वाफेच्या इस्त्रीने ताणून भरून निघते. कट लागलेच तर ते चारदोन, आणि सरळ न मारता धाग्याला तिरके मारावेत. तिरकी कड कमी उसवते. टीशर्टसारख्या विणलेल्या ताणाच्या कापडाला तर कट मारूच नयेत, ते स्वतःच फाकतं.

आणि कात्री टिपेपलीकडे गेलीच, तर गळा लगेच उलटवू नये. उलट्या बाजूने त्या जागेवर फ्यूजिंगचा पैशाएवढा तुकडा इस्त्रीने चिकटवावा, आणि कटाचं टोक मायेत राहील इतपत टीप कापडाच्या बाजूला सरकवून दोन इंच आधीपासून दोन इंच पुढपर्यंत पुन्हा घालावी. सरकवलेली टीप मूळ टिपेला हळूहळू मिळवावी, नाहीतर तिथे खड्डा दिसतो. मटक्याच्या पोटात एक सूत सरकलेलं कोणाच्या लक्षात येत नाही. मानेत येतं, म्हणून तिथे दुसऱ्या बाजूची जीभही तेवढीच सरकवावी लागते.